गोव्यात नोकरी आणि पगारातून 200 रुपये व्यवसाय कर: तो कुठून आला, किती असावा आणि त्याने आयकर किती कमी होतो

साखळीचा माझा भाचा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होता. गेल्या 1 ऑक्टोबरला कंपनीने त्याला वेर्ण्याच्या युनिटला पाठवले. पगार मात्र पूर्वीसारखाच कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीतून निघतो. रिटर्न भरायचे म्हणून तो वर्षभराच्या बारा स्लिपा घेऊन माझ्याकडे आला आणि टेबलावर पसरून बसला. भविष्य निर्वाह निधीच्या खालच्या ओळीत दर महिन्याला `PT 200`. फेब्रुवारीत तेवढे `300`.

"मामा, गोव्यात व्यवसाय कर आहे का?"

नाही. गोवा राज्य पगारावर व्यवसाय कर घेत नाही. पणजीच्या सचिवालयातला कारकून असो, वेर्ण्यातला मशीन ऑपरेटर असो की मोपा विमानतळावरचा सुपरवायझर, गोव्यातल्या नोकरीच्या पगारातून ही कपात व्हायचे कारण नाही. दुकानाच्या ट्रेड लायसन्ससाठी नगरपालिका किंवा पंचायत जी फी घेते ती धंद्याची गोष्ट आहे. तिचा पगाराच्या स्लिपशी संबंध नाही, आणि ती फी पगाराच्या उत्पन्नातून वजाही होत नाही.

मग भाच्याच्या स्लिपवरचे 200 आले कुठून? गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा कर बहुधा असाच भेटतो, शेजारच्या राज्यातून. कंपनी पुण्या-मुंबईची असते, बदली कोल्हापूर-सावंतवाडीहून झालेली असते, नाहीतर घर पेडण्यात आणि नोकरी बांद्याला असते. म्हणून आधी तो कोणत्या राज्याचा ते ओळखायचे, मग रक्कम तपासायची आणि शेवटी आयकरातला फायदा बघायचा. बरेच जण याच्या उलट क्रमाने जातात. "जाऊ दे, कापला तर कापला, टॅक्समध्ये वजावट मिळतेच" असे म्हणतात आणि तिथेच फसतात.

कर नोकरीच्या जागेचा, घराचा नाही

व्यवसाय कर राज्याचा असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 मध्ये त्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे, एका माणसाला वर्षाला 2,500 रुपये. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ती फक्त 250 होती. या मर्यादेत कर लावायचा की नाही आणि कोणत्या पगाराला किती लावायचा, हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. महाराष्ट्राचा कायदा 1975 चा आहे.

तुम्ही नोकरी कोणत्या राज्यात करता यावर कर ठरतो. आधार कार्डावरचा पत्ता, मतदान कुठे, पगाराचे खाते म्हापशाच्या शाखेत की कोल्हापूरच्या, यातले काही बघायचे नाही. दोडामार्गहून रोज डिचोलीला कामाला येणाऱ्याची नोकरी गोव्यात आहे, त्याच्या पगारातून कपात नाही. पेडण्याहून रोज बांद्याच्या कारखान्यात जाणारा गोंयकार असला तरी त्याची नोकरी महाराष्ट्रात, त्याला महाराष्ट्राचा कर लागू. काणकोणहून कारवारला जाणाऱ्याला कर्नाटकाचा.

घरून काम करणाऱ्यांचे थोडे चिकट आहे. माणूस पर्वरीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करतो. नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण 'पुणे' लिहिले असेल तर कंपनी त्याला पुण्याच्या कचेरीत धरते आणि कर कापते. तिथे वाद घालून फारसे काही हाती लागत नाही, असा माझा अनुभव. नेमणूकपत्रातच ठिकाण 'गोवा' असेल तर मात्र बोलायला जागा आहे. त्यामुळे या मंडळींनी स्लिपच्या आधी नेमणूकपत्र काढून बघावे.

रक्कम बरोबर आहे का

महाराष्ट्राचे टप्पे फार नाहीत. पुरुषांना महिन्याच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या पगारावर कर नाही. 7,500 च्या वर 10,000 पर्यंत महिना 175. 10,000 च्या वर महिना 200, आणि फेब्रुवारीत 300. स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत कर नाही, त्याच्या वर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300.

फेब्रुवारीच्या जादा शंभराचे लोकांना कोडे पडते. अकरा महिने 200 म्हणजे 2,200, त्यात 300 मिळवले की बरोबर 2,500. घटनेने घातलेली मर्यादा पुरेपूर गाठायची म्हणून हा हिशेब बसवला आहे. कर्नाटकाने 1 एप्रिल 2025 पासून हीच रीत उचलली. तिथे 25,000 च्या खाली कर नाही, 25,000 किंवा जास्त असेल तर 200 आणि फेब्रुवारीत 300, तेही स्त्री-पुरुष भेद न करता. म्हणजे फेब्रुवारीच्या स्लिपवर 300 दिसले तर कर गोव्याबाहेरचा आहे हे नक्की.

पगार धरायचा तो हातात येणारा नाही आणि नुसता बेसिकही नाही. बेसिक, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि नियमित मिळणारे इतर भत्ते मिळून कपातीपूर्वीचा एकूण पगार धरायचा. महाराष्ट्राच्या कायद्यात बोनस आणि ग्रॅच्युइटी यातून वगळलेली आहे. कोल्हापूरच्या शाखेत 24,400 रुपये पगाराची एक मुलगी आहे. दिवाळीला 12,000 बोनस मिळाला म्हणून त्या महिन्यात तिचे 200 कापले, तर ती कपात चूक.

हिशेब महिन्याचा असतो, वर्षाच्या सरासरीचा नाही. त्याच मुलीचा पगार पुढे 25,600 झाला आणि एका महिन्यात बिनपगारी रजेमुळे 24,700 च मिळाले, तर त्या महिन्यापुरता कर शून्य. उलट 9,800 पगाराच्या मुलाला महागाई भत्ता वाढल्याने एका महिन्यात 10,200 मिळाले, तर त्या महिन्यात 175 ऐवजी 200.

65 वर्षांवरच्या व्यक्ती, कायमचे अपंगत्व असलेले कर्मचारी आणि दिव्यांग मुलांचे पालक यांना महाराष्ट्रात सूट आहे. पण प्रमाणपत्र कंपनीकडे दिल्याशिवाय पगार काढणाऱ्याला ते कळणार कसे? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मुलाचे प्रमाणपत्र सात वर्षे कपाटात ठेवले होते.

भाच्याचा हिशेब

आता त्या बारा स्लिपा. पगार महिना 72,000, म्हणजे सर्वात वरचा टप्पा. एप्रिल ते सप्टेंबर 2025 तो कागलला होता. सहा महिने, प्रत्येकी 200, एकूण 1,200. ही कपात योग्य. ऑक्टोबरपासून तो वेर्ण्यात. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि मार्चचे पाच वेळा 200, फेब्रुवारीचे 300, एकूण 1,300. ही कपात व्हायलाच नको होती.

चूक कशी झाली ते स्लिपवरच दिसत होते. वरच्या कोपऱ्यात नाव, कर्मचारी क्रमांक, विभाग आणि त्याखाली `Location`. ऑक्टोबरनंतरही तिथे कागलच होते. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठिकाणाला राज्य जोडलेले असते आणि त्या राज्याप्रमाणे व्यवसाय कर आपोआप कापला जातो. बदलीचा आदेश मनुष्यबळ विभागाने काढला, हजेरी वेर्ण्यातून जाऊ लागली, पण पगाराच्या नोंदीत ठिकाण कोणी बदलले नाही. बदलीनंतरच्या पहिल्या स्लिपवर ही एक ओळ बघितली असती तर सहा महिन्यांचा घोळ झाला नसता.

बदली उलट दिशेने झाली तर आणखी एक चूक होते. समजा कोणी 1 जानेवारीला गोव्याहून कोल्हापूरला गेले. त्याचे त्या आर्थिक वर्षात जानेवारीचे 200, फेब्रुवारीचे 300, मार्चचे 200, एकूण 700 कापले जायला हवेत. काही ठिकाणी "वर्षाचा कर 2,500" असे म्हणून उरलेले पैसे मार्चमध्ये एकदम वसूल करतात. गोव्यातल्या नऊ महिन्यांचा कर महाराष्ट्राला द्यायचे कारण नाही.

जास्त कापलेले परत मागायचे

मागायचे कंपनीकडे. व्यवसाय कर कर्मचाऱ्याकडून कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी मालकाची असते. आपण थेट महाराष्ट्राच्या कर खात्याकडे गेलो तर तिथे आपल्या नावाचा स्वतंत्र हिशेबच नसतो. कंपनीने भरलेले पैसे पुढच्या भरण्यात वळते करायचे की विवरणपत्र सुधारायचे, हे कंपनी आणि खाते बघून घेतील.

भाच्याचा पहिला ईमेल तीन पानी होता. घटना, अनुच्छेद, अन्याय, सगळे त्यात. मी तो खोडून एवढाच ठेवला:

"माझी बदली 1 ऑक्टोबर 2025 पासून वेर्णा, गोवा येथे झाली आहे. बदलीचा आदेश आणि रुजू झाल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. ऑक्टोबर 2025 ते मार्च 2026 या काळात माझ्या पगारातून महाराष्ट्राचा व्यवसाय कर 1,300 रुपये कापला गेला आहे. पगाराच्या नोंदीत माझे कामाचे ठिकाण बदलावे आणि ही रक्कम पुढच्या पगारात परत द्यावी."

ठिकाण बदलायची मागणी विसरू नका. ती नसेल तर एका हाताने 1,300 मिळतील आणि त्याच महिन्यात दुसऱ्या हाताने 200 कापले जातील.

आयकरात किती फायदा

इथे "वजावट मिळतेच" या समजुतीचा निकाल लावू.

2025-26 या वर्षाच्या पगारासाठी 1961 चा आयकर कायदा लागू आहे. त्याच्या कलम 16(iii) प्रमाणे त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला व्यवसाय कर पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो. ही 80सी सारखी गुंतवणुकीची वजावट नाही. ती त्याच्या आधी, करपात्र पगार काढतानाच होते. फॉर्म सोळाच्या भाग 'ब' मध्ये क्रम दिसतो: एकूण पगार, त्यातून करमुक्त भत्ते वजा, मग कलम 16 खाली प्रमाणित वजावट आणि `Tax on employment under section 16(iii)`. जे उरते तो करपात्र पगार.

पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, व्यवसाय कराची मिळत नाही. आणि वेगळा पर्याय निवडला नसेल तर माणूस आपोआप नव्यातच असतो. त्यामुळे स्लिपांवर 2,500 कापलेले आणि फॉर्म सोळावर त्या ओळीत शून्य, असे दिसले तर कंपनी चुकली असे नाही. ती नव्या पद्धतीची खूण आहे.

भाचा नव्या पद्धतीत. वर्षाचा पगार 8,64,000. त्यातून 75,000 गेले, उरले 7,89,000. पहिल्या चार लाखांवर कर नाही, उरलेल्या 3,89,000 वर 5 टक्के म्हणजे 19,450. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87ए ची सवलत असल्याने हे 19,450 पूर्ण माफ. कर शून्य. व्यवसाय कर 1,200 कापला काय आणि 2,500 कापला काय, इथे एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणजे चुकून कापलेले 1,300 त्याचे निव्वळ गेलेले पैसे.

तो म्हणाला, "पण मी जुनी पद्धत घेतली असती तर?"

तोही हिशेब करून दाखवला. 80सी चे दीड लाख त्याच्याकडे आहेत असे धरले.

| | योग्य कपात | चुकीची कपात |
|---|---|---|
| वर्षाचा पगार | 8,64,000 | 8,64,000 |
| प्रमाणित वजावट | 50,000 | 50,000 |
| व्यवसाय कर | 1,200 | 2,500 |
| करपात्र पगार | 8,12,800 | 8,11,500 |
| 80सी | 1,50,000 | 1,50,000 |
| करपात्र उत्पन्न | 6,62,800 | 6,61,500 |
| कर, 4 टक्के उपकरासह | 46,862 | 46,592 |

1,300 रुपये जास्त गेले तेव्हा आयकर 270 रुपयांनी कमी झाला. वजावट म्हणजे परतफेड नाही. उत्पन्न तेवढ्याने कमी धरले जाते आणि तुमच्या टप्प्याच्या दराइतकाच कर वाचतो. जुन्या पद्धतीत पूर्ण 2,500 ची वजावट घेतली तर 20 टक्क्यांच्या टप्प्यात 520 आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात 780 रुपये वाचतात, उपकर धरून. 5 टक्क्यांच्या टप्प्यात काहीच वाचत नाही, कारण तिथे पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा कर 87ए च्या सवलतीने माफच असतो. 780 साठी जुनी पद्धत निवडायची का? नाही. घराच्या कर्जाचे व्याज, घरभाडे, विमा असे मोठे आकडे असतील तर जुनीचा विचार करा. व्यवसाय कर त्यात चिल्लर आहे.

बारा लाखांच्या काठावर मात्र ही चिल्लर लोकांना भुलवते. एकाचा वर्षाचा पगार 12,76,500 होता. 75,000 वजा केल्यावर 12,01,500 उरले. त्यांनी कागदावर व्यवसाय कराचे 2,500 वजा करून 11,99,000 काढले आणि कर शून्य म्हणून निश्चिंत झाले. नव्या पद्धतीत ते 2,500 वजा होत नाहीत, उत्पन्न 12,01,500 च राहते. बारा लाखांच्या वरच्या 1,500 पेक्षा जास्त कर लागत नाही, ही सीमांत सवलत त्यांच्या मदतीला आली, म्हणून उपकरासह 1,560 वर सुटले.

रिटर्न भरताना

जुन्या पद्धतीत रिटर्न भरणाऱ्याला `Professional tax u/s 16(iii)` या ओळीत आकडा आधीच भरलेला दिसतो. तो कंपनीने कळवलेला असतो, म्हणून कंपनीची चूक असेल तर तीही तिथे उतरते. भाच्यासारखी स्थिती असेल आणि 1,300 परत मिळणार असतील, तर तिथे 1,200 च ठेवायचे. परत मिळालेल्या पैशांची वजावट घेता येत नाही. शक्य असेल तर कंपनीकडून फॉर्म सोळा दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे दोन्ही कागद जुळतील.

काही कंपन्या व्यवसाय कर स्वतःच्या खिशातून भरतात, पगारातून कापत नाहीत. तेव्हा ती रक्कम आधी तुमच्या उत्पन्नात सुविधा म्हणून मिळवली जाते. जुन्या पद्धतीत मग ती वजा होऊन हिशेब मिटतो. नव्यात मिळवली जाते पण वजा होत नाही.

वर्षात दोन नोकऱ्या झाल्या असतील तर दोन्ही फॉर्म सोळांतले व्यवसाय कराचे आकडे स्लिपांशी ताडून मगच बेरीज करा. नव्या कंपनीने जुन्या कंपनीचा पगार आपल्या हिशेबात धरला असेल, तर तोच व्यवसाय कर दोनदा वजा होण्याची शक्यता असते.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. पुढच्या वर्षाच्या कागदांवर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. व्यवसाय कराची वजावट जुन्या पद्धतीत आहे आणि नव्यात नाही, हे तसेच राहिले आहे.

भाच्याला कंपनीचे उत्तर आठ दिवसांनी आले: ठिकाण बदलले आहे, रक्कम पुढच्या पगारात मिळेल. पुढच्या स्लिपवर `PT` च्या ओळीत शून्य होते आणि मिळकतीच्या बाजूला 1,300 वेगळे दाखवले होते. फक्त ते 'इतर भत्ता' म्हणून दाखवले होते. म्हणजे त्याचेच पैसे त्याच्या नव्या वर्षाच्या करपात्र पगारात जाऊन बसले. आता त्यासाठी दुसरा ईमेल लिहिला आहे, तोही चार ओळींचाच.